पोरांचे भांडण, थोरांची बाजू

सहा ते दहा वर्षांच्या मुलाचे पोट अधूनमधून दुखते. बेंबीभोवती दुखते, शाळेच्या दिवशी सकाळी जास्त दुखते आणि सुट्टीत मामाकडे गेले की राहते, अशी तक्रार घेऊन पालक दवाखान्यात येतात. मुलाचे वजन व्यवस्थित असते, जंतांचे औषध देऊन झालेले असते, तपासणीत काही सापडत नाही. अशा वेळी डॉक्टरला घरची चौकशी करावी लागते. घरात कोण कोण राहते, मुलांचे आपसांत कसे जमते आणि भांडण झाले तर ते सोडवते कोण, हे विचारावे लागते. कुटुंब एकत्र असेल तर या शेवटच्या प्रश्नाला आईवडील पुष्कळदा एकमेकांकडे बघतात, आणि मग विषय मुलावरून हळूहळू मोठ्यांवर येतो.

मुले भांडायचीच. भांडता भांडताच ती वाटून घ्यायला, थांबायला आणि आपले म्हणणे मांडायला शिकतात. सख्खी भावंडे भांडली तर सोडवायला येणारी आई दोघांचीही असते. तिचा एखादा निवाडा चुकला तरी ती उद्या दुसऱ्याला जवळ घेते आणि हिशेब आपोआप जुळतो. चुलत भावांची मुले एका छपराखाली वाढतात तिथे मात्र प्रत्येक मुलामागे त्याचा स्वतःचा वकील उभा असतो आणि दोघांचा मिळून न्यायाधीश कोणीच नसतो. त्यामुळे मुलांचे पाच मिनिटांचे भांडण मोठ्यांच्या हातात गेले की पाच दिवस चालते. हे कसे घडते, मुलांच्या प्रकृतीवर त्याचा काय परिणाम होतो आणि ते टाळायचे कसे, हे एका उदाहरणावरून पाहू.

सायकलचे भांडण

तालुक्याच्या गावातले एक घर डोळ्यांसमोर आणा. दोन चुलत भाऊ, दोघांचे मिळून किराणा दुकान, स्वयंपाक एक, अंगण एक. थोरल्याचा मुलगा आठ वर्षांचा, त्याला सोयीसाठी बंडू म्हणू. धाकट्याची मुलगी पाच वर्षांची, तिला छबी म्हणू. घरात आजी आहेत. त्या थोरल्याच्या आई, म्हणजे बंडूच्या सख्ख्या आजी आणि छबीच्या चुलत आजी. छबीची सख्खी आजी आता नाही. मुलांसाठी दुकानाच्या सामाईक पैशातून एक सायकल घेतलेली आहे.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर छबी सायकलवर बसली आहे. बंडू येतो, "माझी पाळी" म्हणतो. ती उतरत नाही. तो हँडल धरून सायकल कलती करतो, ती पडते आणि तिचे कोपर खरचटते. ती उठते आणि त्याच्या दंडाला चावते. दोघेही भोकाड पसरतात. आजी ओसरीवरून येतात तेव्हा त्यांना बंडूच्या दंडावर दातांचे वण दिसतात. "केवढी चावरी पोर ही!" त्या म्हणतात. छबीची आई स्वयंपाकघरातून येते तेव्हा तिला कोपरावरचे रक्त दिसते. "चावलेले दिसले, ढकललेले नाही दिसले," ती म्हणते. एवढ्यात बंडूची आई येते. ती काहीच बोलत नाही, बंडूच्या पाठीत एक धपाटा घालते आणि मोठ्याने म्हणते, "तुला कितीदा सांगितले, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस म्हणून!"

अर्ध्या तासाने बंडू आणि छबी त्याच अंगणात चिंचोके मांडून खेळत बसलेले असतात. स्वयंपाकघरात मात्र दोन्ही जावा पाठमोऱ्या काम करीत असतात. रात्री दोघींच्या नवऱ्यांपर्यंत गोष्ट जाते. मग सायकल कोणाच्या पैशांची, दुकानात कोण जास्त बसतो, इथपर्यंत बोलणे पोहोचते. दुसऱ्या दिवशी सायकल माळ्यावर जाते. पोरांना इतकेच कळते की आपल्यामुळे घरात काहीतरी मोठे झाले आहे.

यात कोणी दुष्ट नाही. आजींनी जे पाहिले ते खरे होते आणि छबीच्या आईने पाहिले तेही खरे होते. मग चुकले कोठे?

मोठ्यांना शेवट दिसतो

मोठी माणसे रडण्याचा आवाज ऐकून येतात. म्हणजे ती येतात तेव्हा भांडणाचा शेवट झालेला असतो. पाळी कोणाची होती, आधी काय बोलणे झाले, कोणी कोणाला चिडवले, हे त्यांनी पाहिलेले नसते. डोळ्यांना दिसते ती जखम, आणि जखम ज्याची मोठी तो निर्दोष असा निवाडा होतो.

गंमत अशी, की हीच पद्धत लहान मुलांची असते. स्विस मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याची चर्चा केली आहे. ते मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाच्या हातून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटले. दुसऱ्याच्या हातून, चोरून मुरंबा काढताना, एकच कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलांचा कल पंधरा कपवाल्याकडे बोट दाखवण्याचा असे. हेतू काय होता हे साधारण सात-आठ वर्षांनंतर जास्त लक्षात येऊ लागते. पुढच्या संशोधकांना असे आढळले की गोष्ट सोपी करून सांगितली तर त्याहून लहान मुलेही हेतूचा विचार करतात. पण स्वतःचे कोपर दुखत असताना तो विचार सुचणे अवघडच. छबीच्या दृष्टीने गोष्ट सरळ आहे. मला रक्त आले, म्हणून चूक त्याची. पाच वर्षांच्या मुलीने असा हिशेब करणे वयाला धरून आहे. पन्नास वर्षांच्या माणसाने तसा केला तर तिला दुसरा हिशेब कोण शिकवणार?

मग मुलांनाच विचारावे, तर दोघे दोन गोष्टी सांगतात. त्यावरून आपण म्हणतो, दोघांतला एक खोटे बोलतो आहे. तसे नसते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या हिल्डी रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भावंडांना त्यांच्या भांडणांची हकीगत वेगवेगळी सांगायला लावली. प्रत्येक मूल दुसऱ्याने काय केले ते जास्त सांगे आणि स्वतः काय केले ते कमी सांगे. याला लबाडी म्हणता येत नाही. ज्याला लागते त्याला लागलेलेच आठवते. म्हणून "आधी कोणी सुरुवात केली?" या प्रश्नाचे खरे उत्तर बहुधा मिळत नाही. दोघांच्या लेखी सुरुवात वेगवेगळी असते. बंडूच्या लेखी भांडण छबी उतरली नाही तेव्हा सुरू झाले, छबीच्या लेखी त्याने सायकल कलती केली तेव्हा.

बाजू घेतली की मुले काय शिकतात

सायकलचे भांडण सायकलपुरते होते. पाळी ठरली असती तर ते संपले असते. आजींनी बंडूला जवळ घेतले आणि छबीच्या आईने छबीला उचलले, त्या क्षणी विषय बदलला. आता प्रश्न 'सायकल कोणाकडे' हा राहिला नाही, 'घरात माझ्या बाजूचे कोण' हा झाला. पहिल्या प्रश्नाला पाच मिनिटांत उत्तर मिळते. दुसऱ्याला उत्तर नाही, म्हणून मूल तो पुन्हा पुन्हा विचारते, म्हणजे पुन्हा पुन्हा भांडते.

यातून छबी शिकते की रडले की आई येते आणि आई आली की सायकल मिळते. पुढच्या वेळी ती धक्का लागण्याआधीच ओरडते. तिच्या अंगी बोलून मागण्याचे वळण येत नाही. बंडू दुसरे काही शिकतो. समोर ढकलले तर ओरडा बसतो, म्हणून तो दाराआड चिमटा काढतो. शिवाय पाठीत धपाटा बसला तो छबीमुळे, अशी त्याची समजूत होते. आठवडाभरात दोघांची भांडणे कमी होण्याऐवजी वाढतात आणि घरातले म्हणतात, यांचे ग्रहच जुळत नाहीत.

बंडूच्या आईच्या धपाट्याबद्दल थोडे वेगळे बोलायला हवे, कारण एकत्र कुटुंबात हा प्रकार फार होतो आणि त्याला कोणी बाजू घेणे म्हणत नाही. उलट 'स्वतःच्या मुलाला मारले, किती निःपक्षपाती' असे कौतुक होते. पण तो धपाटा बंडूसाठी नव्हताच. लेकी बोले सुने लागे, तसा तो जावेला ऐकवण्यासाठी होता. कधी तो भांडण वाढू नये या भीतीपोटी असतो, विशेषतः घरात जिचे बळ कमी तिच्याकडून. कारण काहीही असो, मुलाला एवढेच कळते की मला काय झाले हे न विचारताच आईने मला मारले. जो नेहमी असा मार खातो तो एकतर घुमा होतो, नाहीतर आपल्याहून लहान मुलावर राग काढतो.

मुलांचे भांडण मुले विसरतात, पण मोठ्यांचे तोंड फिरवणे विसरत नाहीत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दुकानाची वाटणी कळत नाही, पण काकूने आज ताटात वाढताना आपल्याकडे पाहिले नाही हे कळते. आणि 'हे माझ्यामुळे' असा अर्थ ते लावते. हा ताण मुले शब्दांत सांगत नाहीत, शरीराने सांगतात. पोट दुखते, डोके दुखते, झोपेत दचकणे होते. सहा महिने किंवा जास्त दिवस कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते.

अर्थात प्रत्येक पोटदुखी घरच्या भांडणाची नसते. दुखणे रात्री झोपेतून उठवत असेल, बेंबीपासून दूर, विशेषतः उजवीकडे खाली असेल, सोबत ताप, सारख्या उलट्या, शौचातून रक्त किंवा वजन घटणे असेल, तर आधी शरीराची तपासणी झालीच पाहिजे. पुन्हा सुरू झालेल्या अंथरुणातील लघवीसाठीही लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग आणि साखर नाही ना, हे पाहावे.

तेच भांडण, दुसऱ्या रीतीने

आता तेच शनिवारचे भांडण पुन्हा घेऊ. या वेळी आजी ओसरीवरून येतात, पण निवाडा करायला येत नाहीत.

पहिले काम मारामारी थांबवण्याचे. दोघांना हाताने वेगळे करावे, सायकल मध्ये उभी करावी, ती कोणालाच देऊ नये. दुखापत पाहावी. कोपर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावे. दाताच्या वणाकडेही नीट पाहावे. नुसते वळ असतील तर थंड पाण्याची घडी पुरते. कातडी फुटली असेल तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटे धुवावी, हळद-चुना भरू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. माणसाच्या तोंडातील जंतूंनी जखम चिघळू शकते, आणि धनुर्वाताच्या लसी वेळेवर झाल्या आहेत का हेही पाहावे लागते. हे करताना आजी फक्त एवढेच म्हणतात, "ढकलायचे नाही आणि चावायचे नाही. दोघांनाही." हा घराचा नियम झाला, कोणाची बाजू झाली नाही. दोघांनाही जवळ घ्यायला हरकत नाही. दिलासा देणे वेगळे आणि बाजू घेणे वेगळे.

दुसरे काम थांबण्याचे. रडणाऱ्या मुलाला समजावून उपयोग होत नाही. पाणी द्यावे, दोघांना ओसरीच्या दोन टोकांना बसवावे, पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत. ही शिक्षा नाही, हे सांगावे. श्वास संथ झाला, हुंदके थांबले की पुढे जावे.

तिसरे काम ऐकण्याचे. "कोणी सुरुवात केली?" आणि "का केलेस?" हे दोन प्रश्न गिळावेत. "काय झाले ते सांग" एवढेच म्हणावे. छबी लहान, म्हणून आधी ती. बंडूने मध्ये बोलायचे नाही. मग बंडू, आणि छबीने मध्ये बोलायचे नाही. प्रत्येकाचे झाले की आजी ते आपल्या शब्दांत परत सांगतात. "म्हणजे तू नुकतीच बसली होतीस आणि तुला अजून फेऱ्या मारायच्या होत्या." "आणि तू शाळेतून आल्यापासून वाट पाहत होतास." यात कोण बरोबर हे आलेले नाही, कोणाला काय हवे होते हे आले आहे. दुसऱ्यालाही काही हवे होते ही गोष्ट लहान मुलाला अशीच ऐकून कळते. आणि आपले म्हणणे नीट ऐकले गेले की निम्मा राग तिथेच उतरतो.

चौथे काम तोडगा काढण्याचे, आणि तो मुलांनी काढायचा. "सायकल एक आहे, तुम्ही दोघे आहात. काय करायचे?" असे विचारून आजींनी गप्प बसावे. बंडू म्हणेल, अर्धा अर्धा तास. पण छबीला घड्याळ कळत नाही, तिला अर्धा तास म्हणजे संध्याकाळच. इथे मोठ्यांनी मदत करावी. पाळी मोजता येईल अशी असावी. अंगणाच्या दहा फेऱ्या छबीला, दहा बंडूला, आणि मोजायच्या दुसऱ्याने. म्हणजे थांबणाऱ्यालाही काम मिळते. ठरलेले दोघांकडून एकदा म्हणवून घ्यावे.

पाचवे काम बहुतेक घरांत राहून जाते. ते म्हणजे ठरलेले पाळले जाते का, हे पाहणे. पहिल्या दिवशी आजींनी दोन पाळ्या होईपर्यंत ओसरीवर बसावे, गहू निवडायला घ्यावेत. दुसऱ्या दिवशी बंडू तक्रार घेऊन येईल, छबी फेऱ्या मुद्दाम सावकाश मारते. तोडगा फसला असे समजू नये. पुन्हा दोघांना बसवावे. तेव्हा कळते की छबीचे पाय लहान, तिच्या दहा फेऱ्यांना बंडूच्या दुप्पट वेळ लागतो. मग मुलेच ठरवतात, छबीच्या पाच आणि बंडूच्या दहा. आकडे सारखे नाहीत, पण दोघांनाही ते न्याय्य वाटते, कारण ते त्यांनीच ठरवले आहे.

या सगळ्याला पहिल्यांदा वीस मिनिटे लागतात, हे खरे. पण महिनाभरात मुले आजींना न बोलावताच "पाच तुझ्या, दहा माझ्या" म्हणू लागतात. वर उल्लेख केलेल्या रॉस यांनी अफशान सिद्दीकी यांच्यासह २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पालकांना साधारण अशाच पायऱ्या शिकवल्या होत्या. नियम सांगणे, वादाचा मुद्दा शोधणे, एकमेकांचे मन समजायला मदत करणे आणि तोडगा मुलांकडून काढून घेणे, या त्या पायऱ्या. त्या घरांतील मुले आपले वाद जास्त समजुतीने सोडवू लागली. तो अभ्यास सख्ख्या भावंडांवर होता आणि मुले पाच ते दहा वर्षांची होती. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला हे जमणार नाही. त्याला उचलून दुसऱ्या खेळाकडे नेणे, हाच उपाय.

मोठ्यांनी आपसांत काय ठरवावे

चुलत घरांत या पायऱ्या एका अटीवर चालतात. आजींनी सोडवलेला वाद छबीच्या आईने आतल्या खोलीत पुन्हा चालवायचा नाही. म्हणून मोठ्यांनी, मुले झोपल्यावर, शांत दिवशी एकदा बसून दोन-तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, भांडणाच्या वेळी जो मोठा माणूस जवळ असेल त्यानेच ते हाताळायचे, मग मूल कोणाचेही असो. बाकीच्यांनी मध्ये यायचे नाही. आईला राहवत नसेल तर तिने दोन्ही मुलांसाठी पाणी घेऊन यावे. त्या माणसाची पद्धत पटली नाही तर मुलांसमोर बोलायचे नाही, नंतर त्याच्याशीच बोलायचे.

दुसरी गोष्ट, मुलाची तक्रार नवऱ्याच्या कानावर घालायची तर मुलासमोर नाही, आणि त्या दिवशीच्या रागात नाही. दुकानातून दमून आलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता जे सांगितले जाते त्यात सायकल कमी आणि जाऊ जास्त असते. तो उठून चुलत भावाला जाब विचारतो, आणि दोन मुलांचे भांडण दोन संसारांचे होते. जावेशी बोलायचे असेल तर मुलाच्या स्वभावाबद्दल बोलू नये, नियमाबद्दल बोलावे. "तुमचा बंडू फार दांडगा आहे," यावर कोणतीही आई भांडेल. "जाऊबाई, सायकलची पाळी ठरवून टाकू या का?" यावर बहुधा भांडण होणार नाही.

तिसरी गोष्ट, वस्तूंची. सामाईक पैशाची वस्तू दोघांची, हे मुलांना स्पष्ट सांगावे. मामाने एकाला दिलेली वस्तू त्याची, ती वाटून घेण्याची सक्ती नको. "तू मोठा ना, दे तिला," हे वाक्य एकत्र घरांत दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते. मोठ्या मुलाच्या कानाला ते 'तुझे काहीच तुझे नाही' असे ऐकू येते. मोठेपणाचा मान द्यायचा तर कामात द्यावा, वस्तू काढून घेण्यात नव्हे.

आजींची अडचणही समजून घेतली पाहिजे. सख्ख्या नातवाकडे मन थोडे जास्त ओढ घेते, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र मनाची ओढ हाताला आवरता येते. शेंगदाण्याचा लाडू दोघांच्या हातावर एकदमच ठेवावा, आणि 'चावरी', 'दांडगा', 'रडकी' अशी नावे कोणालाही लावू नयेत. नाव एकदा चिकटले की पुढच्या प्रत्येक भांडणात निवाडा आधीच झालेला असतो.

बाजू घ्यावीच लागते तेव्हा

हे सारे भांडणासाठी आहे. भांडणात दोघे साधारण बरोबरीचे असतात, आज एक जिंकतो, उद्या दुसरा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकत्र खेळतात. त्याऐवजी एकच मूल नेहमी मार खात असेल, दुसरे वयाने किंवा अंगाने बरेच मोठे असेल, मारणे आडोशाला होत असेल, 'सांगितलेस तर बघ' अशी धमकी असेल, मार खाणारे मूल त्या मुलाजवळ जायलाच घाबरत असेल, तर ते भांडण राहिलेले नाही, छळ झाला आहे. तिथे दोघांना समोरासमोर बसवून तोडगा काढू नये, कारण भ्यालेले मूल कशालाही 'हो' म्हणते. तिथे लहानाची बाजू घ्यावी, त्याला सुरक्षित ठेवावे, दोघांना मोठ्यांच्या नजरेबाहेर एकत्र सोडू नये. मोठ्या मुलाला नुसते झोडपण्याऐवजी त्याला कोण मारते, शाळेत काय चालले आहे, हेही पाहावे. कोणी नको तिथे हात लावतो असे मूल सांगत असेल तर 'घरातलाच आहे' म्हणून ते दाबू नये. मुलावर विश्वास ठेवावा आणि लगेच डॉक्टरांची मदत घ्यावी.

डोक्याला मार लागला असेल तर कोणाची चूक हा विचार बाजूला ठेवावा. मूल बेशुद्ध पडले, पुन्हा पुन्हा उलटी झाली, नेहमीपेक्षा जास्त झोपाळू झाले, नीट उठवता येईना, झटका आला, नाका-कानातून रक्त किंवा पाणी आले, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे. यांपैकी काही नसले तरी पहिले चोवीस तास लक्ष ठेवावे, आणि जवळच्या माणसांनी मूल पडल्याचे लपवू नये. घरात बाजू पडलेल्या असतात तेव्हा 'नसता बोभाटा नको' म्हणून अशा गोष्टी लपवल्या जातात, आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

राहिला प्रश्न पोटदुखीचा. शरीरात दोष नाही हे डॉक्टरांनी नक्की केल्यावर मुलाला 'नाटकी' म्हणू नये. त्याचे पोट खरेच दुखते. शाळा बुडवू नये, दुखण्याचे कौतुकही करू नये. चार आठवडे एक वहीत दोन रकाने करून एकात पोट दुखल्याचा दिवस आणि दुसऱ्यात घरात अबोला किंवा वाद झाल्याचा दिवस लिहावा. दोन्ही रकान्यांच्या तारखा जवळजवळ येऊ लागल्या, तर औषधाच्या बाटलीआधी माळ्यावरची सायकल खाली काढायला हवी. तारखा जुळत नसतील, तर ती वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे.